लाइट कधी गेली, नेट कधी गेलं

‘मॅडम, आमच्याकडे तीन दिवस लाइट नव्हती. नेटवर्क पण नव्हतं. म्हणून लेक्चरला बसता आलं नाही. सॉरी.’

पावसाळा सुरू झाला की असे निरोप येऊ लागतात. मी कॉलेजात शिकवते आणि हजेरीचं कामही माझ्याकडे आहे. ऑनलाइन वर्ग सक्तीचा असला, त्याच्या हजेरीवर अंतर्गत गुण किंवा परीक्षेला बसण्याची परवानगी अवलंबून असली, तर असा निरोप घेऊन मला काहीतरी निर्णय घ्यावा लागतो. माझ्या अनुभवात यातले बहुतेक निरोप खरे असतात. तरीही त्यातल्या अनेकांवर ‘गैरहजर’ हाच शेरा राहतो, कारण निरोपात तपासून पाहण्यासारखं काहीच नसतं.

सगळीकडेच हाहाकार उडाला असेल तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर बंद पडले, दापोली-मंडणगडकडची कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. तेव्हा टाळेबंदी होती, शिक्षण ऑनलाइनच चाललं होतं, आणि त्या भागातला मुलगा वर्गात का दिसत नाही हे पुण्या-मुंबईतल्या शिक्षकालाही ठाऊक होतं. अडचण येते ती जुलैमधल्या साध्या पावसाची. एका घाटात एक झाड तारांवर पडतं, आठ-दहा गावांची लाइट जाते, दोन-तीन दिवस येत नाही. त्याची बातमी कुठेच छापून येत नाही. त्याच वेळी शहरात ऊन पडलेलं असतं. अशा वेळी विद्यार्थ्याला सगळं स्वतःच सांगावं लागतं, आणि नेमकं काय सांगायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

पहिली गोष्ट म्हणजे लाइट जाणं आणि नेट जाणं ही दोन वेगळी बिघाडं आहेत. दोघांच्या वेळा वेगळ्या असतात. निरोपात ती एकत्र कालवली की खरी हकिगतसुद्धा संशयास्पद वाटू लागते.

गावाची वीज साधारण अशी येते. तालुक्याच्या आसपास एक उपकेंद्र असतं. तिथे 33 हजार व्होल्टची वीज येते आणि 11 हजारांची होऊन वेगवेगळ्या फिडरवर निघते. एका फिडरवर बरीच गावं असतात. गावात डीपी असते, ती 11 हजारांची वीज घरगुती दाबाची करते. पावसात तारांवर फांदी टेकली, खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर तडकून त्यात पाणी शिरलं, की उपकेंद्रात फिडर ट्रिप होतो. तिथला ऑपरेटर तो पुन्हा चालू करून पाहतो. पुन्हा ट्रिप झाला तर बिघाड लाइनवर आहे हे नक्की, आणि मग लाइनमनला तारांखालून चालत जाऊन तो शोधावा लागतो. मधले स्विच उघडून फिडरचा एकेक तुकडा वेगळा काढायचा आणि कोणत्या तुकड्यात दोष आहे ते पाहायचं, असं ते काम चालतं. रात्री, पावसात, जंगलातून जाणाऱ्या लाइनवर हे करायचं असेल तर दिवस उलटतो. झाडाबरोबर दोन-तीन खांबही मोडले असतील तर आणखी वेळ लागतो.

म्हणून लाइट गेल्यावर आधी बाहेर पडून कुणाकुणाची गेली आहे हे पाहावं. शेजारच्या घरी आहे आणि आपल्याकडे नाही, तर बिघाड आपल्या जोडणीत किंवा एका फेजमध्ये आहे. सगळ्या गावाची गेली आणि शेजारच्या गावांचीही गेली, तर फिडर बंद आहे. तालुक्याच्या गावातच अंधार असेल तर बिघाड बहुधा उपकेंद्रात किंवा त्याच्याही मागे आहे. पत्रात ‘लाइट नव्हती’ असं लिहिण्यापेक्षा ‘आमच्या फिडरवरच्या सगळ्या गावांची लाइट नव्हती’ असं लिहिलं की ती गोष्ट वाचणाऱ्याला पडताळून पाहता येते.

मोबाइलचं नेट मात्र लाइट गेल्याबरोबर जात नाही. टॉवरला बॅटऱ्या असतात आणि त्या काही तास चालतात. किती तास, हे बॅटऱ्या किती जुन्या आहेत आणि टॉवरवर किती भार आहे यावर ठरतं. काही टॉवरना डिझेल जनरेटर असतो, पण त्यात डिझेल भरायला माणूस यावा लागतो, आणि रस्त्यावर झाड पडलेलं असेल तर तो येत नाही. त्यामुळे रात्री लाइट गेली तरी पहाटेपर्यंत रेंज असते आणि मग ती एकदम नाहीशी होते. दुपारी कुणीतरी डिझेल ओततो, तासा-दोन तासांसाठी रेंज येते, पुन्हा जाते. कधी कांड्या दिसतात पण नेट चालत नाही. आजूबाजूचे टॉवर बंद पडल्याने सगळ्यांचे फोन एकाच चालू टॉवरवर लटकले की असं होतं.

घरी वायफाय असलेल्यांची कथा वेगळी. घरात इन्व्हर्टर आहे, राउटरचे दिवे लागलेले आहेत, तरी नेट नाही. गावातल्या केबलवाल्याची वायर खांबावरच्या किंवा कुणाच्या तरी गच्चीवरच्या एका डब्यातून पुढे येते आणि त्या डब्याला त्या जागेवरचीच वीज लागते. ती गेली की तुमचा राउटर चालू असून उपयोग नाही. ‘तुझ्याकडे इन्व्हर्टर आहे ना?’ असं शिक्षकांनी विचारलं की मुलं गडबडतात. उत्तर एवढंच आहे की इन्व्हर्टर घरात आहे, बंद पडलं ते खांबावरचं.

आता एक प्रकरण सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका डोंगराळ वाडीत. सुट्टीत सोळा तासिकांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा होता, रोज सकाळी 11 ते 12. उपस्थिती 75 टक्के हवी, म्हणजे बारा तासिका. तिच्या अकरा भरल्या. वर दिलेल्यासारखाच तिचा निरोप आला.

निरोप खरा होता. पण माझ्यासमोर तीन गोष्टी अशा होत्या की त्याच्याशी जुळत नव्हत्या. एक, तिच्या वाडीपासून थोड्याच अंतरावरच्या गावातला तिचा वर्गमित्र तिन्ही दिवस हजर होता. दोन, बुधवारी दुपारी तिने मैत्रिणीला मेसेज केल्याचं वर्गात सगळ्यांना माहीत होतं. तीन, ती पाचदा गैरहजर होती आणि निरोप तीन दिवसांचा होता. रागावून शेरा मारण्याआधी मी तिला फोन केला आणि दिवसवार विचारलं. तेव्हा तिन्ही गोष्टींची उत्तरं मिळाली. वर्गमित्राचं गाव दुसऱ्या फिडरवर होतं, टॉवरही वेगळा. बुधवारी दुपारी दोनच्या सुमाराला टॉवरवर डिझेल आलं म्हणून मेसेज गेला, पण वर्ग अकराला होता. आणि उरलेल्या दोन गैरहजेऱ्या लाइटच्या नव्हत्याच. एकदा ताप होता, एकदा घरात लग्न.

यातली गंमत अशी की तिन्ही दिवसांचं कारणही एक नव्हतं. सोमवारी रात्री 11.20 ला लाइट गेली. मंगळवारी सकाळी फोनमध्ये चार्जिंग होतं, पण टॉवर पहाटेच बंद पडला होता. बुधवारी अकराला टॉवरही बंद आणि फोनही बंद. गुरुवारी टॉवर जनरेटरवर चालू होता. तिने आईचा फोन मेडिकल दुकानाच्या इन्व्हर्टरवर चार्ज करून आणला आणि ती वर्गात आलीसुद्धा, पण 11.07 ला आली ती 11.19 ला बाहेर फेकली गेली, पुन्हा 11.31 ला आली आणि 11.36 ला गेली. सतरा मिनिटं. लाइट आली गुरुवारी संध्याकाळी 6.40 ला. ‘तीन दिवस लाइट आणि नेटवर्क नव्हतं’ या एका वाक्यात गुरुवारची तिची सगळी धडपड पुसली गेली होती.

ती सतरा मिनिटं माझ्याकडे नोंदलेली होती. ऑनलाइन वर्गाच्या बहुतेक सोयींमध्ये वर्ग संपल्यावर हजेरीचा अहवाल मिळू शकतो. कोण कधी आलं आणि किती वेळ होतं हे त्यात दिसतं. तो वर्ग भरवणाऱ्याकडे येतो, विद्यार्थ्याला दिसत नाही. त्यामुळे येऊन तुटलेला विद्यार्थी आणि न आलेला विद्यार्थी यांच्यातला फरक अहवालात असतो, पण विद्यार्थ्याने ‘अहवालात पाहावं’ असं म्हटल्याशिवाय कुणी तो पुन्हा उघडत नाही. शिवाय ती आईच्या फोनवरून आली होती. अहवालात आईचं नाव होतं. मी ते नाव पाहून ‘कुणीतरी चुकून आलं असेल’ म्हणून सोडून दिलं होतं. दुसऱ्याच्या फोनवरून वर्गात येणाऱ्या मुलांनी त्याच वेळी गप्पांच्या चौकटीत आपलं नाव आणि हजेरी क्रमांक लिहावा. नंतरच्या पत्रात तर हे हमखास लिहावं.

पुराव्याचा प्रश्न मुलांना फार छळतो. अंधाऱ्या खोलीचा फोटो कुणी पाठवतं, ‘इंटरनेट नाही’ असं दाखवणारा स्क्रीनशॉट कुणी. दोन्ही निरुपयोगी आहेत. अंधाराचा फोटो कुठल्याही रात्रीचा असू शकतो, आणि फोन विमान मोडवर टाकला तरी नेट जातं. आपल्या हातून तयार न झालेली नोंद जास्त विश्वासाची. लाइट गेल्यावर महावितरणच्या 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवली तर तक्रार क्रमांक मिळतो, आणि त्याबरोबर तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. फोन लावायला बिलावरचा ग्राहक क्रमांक हाताशी लागतो, म्हणून तो फोनमध्ये आधीच टिपून ठेवावा. या मुलीच्या शेजाऱ्यांनी मंगळवारी पहाटे रेंज जायच्या आत तक्रार केली होती. शेजाऱ्यांचा तक्रार क्रमांकही चालतो, फक्त तो शेजाऱ्यांचा आहे हे लिहायचं.

त्याहून पक्की नोंद उपकेंद्रात असते. फिडर कधी बंद पडला, कधी चालू झाला हे तिथल्या नोंदवहीत ऑपरेटर लिहितो. महावितरणच्या शाखा कार्यालयात जाऊन अमुक फिडरचा पुरवठा अमुक काळात बंद होता असं लेखी मागता येतं. अभियंता देईलच असं नाही. तो आधीच दुरुस्तीच्या धावपळीत असतो आणि असा दाखला देणं हे त्याचं रोजचं काम नाही. माहिती अधिकारात अर्ज केला तर दहा रुपयांत ही माहिती मागता येते, पण त्याला तीस दिवसांची मुदत आहे आणि हजेरीचा निकाल त्याआधी लागतो. ग्रामपंचायतीचा दाखला त्या मानाने लवकर मिळतो. मला स्वतःला एवढ्यासाठी मुलांना कार्यालयांचे उंबरे झिजवायला लावणं पटत नाही. तक्रार क्रमांक आणि फिडरचं नाव दिलं असेल तर शंका असलेल्या शिक्षकाने स्वतः एक फोन करावा.

कळवायचं कधी, हेही महत्त्वाचं. जिथे नेट चालत नाही तिथे साधा एसएमएस बऱ्याचदा जातो, कारण त्याला अगदी थोडी रेंज पुरते. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप मात्र नेट आल्यावरच निघतो. या मुलीला बुधवारी दुपारी तासभर रेंज मिळाली होती तेव्हा तिने मैत्रिणीला कळवलं, मला नाही. तिला वाटलं, मॅडमना सविस्तरच लिहावं. तसं नको. आधी एका ओळीचा एसएमएस: नाव, हजेरी क्रमांक, गाव, सोमवार रात्रीपासून लाइट नाही, रेंज नाही, सविस्तर नंतर कळवते. घटना चालू असताना आलेल्या या एका ओळीला नंतरच्या दोन पानांपेक्षा जास्त वजन असतं.

तिच्याशी बोलल्यावर मी तिला पुन्हा लिहून द्यायला सांगितलं. तिने दिलेलं पत्र, नावं-गावं काढून, असं होतं:

‘आदरणीय मॅडम,

सक्तीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या सोळा तासिकांपैकी माझ्या अकरा भरल्या आहेत. पाच गैरहजेऱ्यांपैकी दोन वैयक्तिक कारणाच्या आहेत (ताप आणि घरचं लग्न). त्याबद्दल माझी काही मागणी नाही. उरलेल्या तीन मंगळवार ते गुरुवारच्या आहेत.

सोमवारी रात्री 11.20 वाजता आमच्या फिडरवरच्या सर्व गावांची वीज गेली. घाटात झाड पडून खांब मोडले होते. वीज गुरुवारी संध्याकाळी 6.40 वाजता आली. शेजाऱ्यांनी मंगळवारी पहाटे केलेल्या तक्रारीचा क्रमांक खाली दिला आहे.

मंगळवारी 11 वाजता माझा फोन चालू होता, पण टॉवर बंद असल्याने रेंज नव्हती. बुधवारी 11 वाजता टॉवर आणि फोन दोन्ही बंद होते. दुपारी दोन ते तीन रेंज आली होती, तेव्हा मी आपल्याला कळवायला हवं होतं. गुरुवारी मी आईच्या फोनवरून दोनदा वर्गात आले, दोन्ही वेळा नेट तुटलं. हजेरीच्या अहवालात आईच्या नावाने ही नोंद असेल, कृपया पाहावी. शेजारच्या गावातला माझा वर्गमित्र हजर होता. त्यांचं गाव वेगळ्या फिडरवर आहे.

तिन्ही तासिकांचं ध्वनिचित्रमुद्रण मी पाहिलं आहे आणि त्यावरच्या टिपणांच्या वहीचे फोटो जोडले आहेत. या तीन तासिकांची भरपाई म्हणून आपण द्याल ते काम मी आठ दिवसांत पूर्ण करीन. त्यानंतर त्या उपस्थितीत धराव्यात, ही विनंती.

आपली विद्यार्थिनी’

हे पत्र वाचून निर्णय घ्यायला मला पाच मिनिटं लागली. भाषा साधीच आहे, पण माझ्या मनात येणारा प्रत्येक प्रश्न तिने आधीच घेतला आहे. वर्गमित्राचा मुद्दा तिने स्वतः काढला, दोन वैयक्तिक गैरहजेऱ्या लाइटच्या खात्यात घातल्या नाहीत, आणि शेवटी काय हवं ते स्पष्ट मागितलं. कित्येक पत्रं ‘कृपया समजून घ्यावे’ इथे संपतात. समजून घेतलं, पुढे काय करू? सूट हवी, मुद्रण पाहून हजेरी हवी, की चाचणी पुन्हा हवी, या तीन वेगळ्या मागण्या आहेत आणि त्यांचे निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर होतात. मुंबई विद्यापीठासह अनेक विद्यापीठांत 75 टक्क्यांच्या अटीतून सबळ कारणासाठी सूट देण्याचा अधिकार प्राचार्यांकडे असतो. पण मुद्रण पाहून हजेरी द्यायची की नाही हे बहुतेक वेळा विषयशिक्षकच ठरवतात.

पत्र लिहिण्याआधी हिशेब करावा, तोही याचसाठी. अकराला सोळाने भागलं तर 68.75 टक्के. बारा झाल्या की बरोबर 75. म्हणजे तीनपैकी एक जरी धरली गेली तरी तिचं काम होणार होतं. तिने तिन्ही मागितल्या, ते योग्यच केलं. पण एखाद्याच्या सोळापैकी चौदा भरल्या असतील तर टक्केवारीसाठी पत्राची गरजच नाही. मात्र बुडालेल्या तासिकेत गुणांची चाचणी झाली असेल तर टक्केवारी पूर्ण असूनही पत्र लागतं आणि त्यात मागणी चाचणीची करावी लागते. मुलं याची गल्लत करतात. हजेरी मिळते, गुण जातात.

तिच्या तिन्ही तासिका मी धरल्या. गुरुवारची अहवालावरून, बाकीच्या दोन टिपणं पाहून आणि तोंडी प्रश्न विचारून. बुधवारच्या तासिकेतलं एक आलेख काढायचं उदाहरण तिला येत नव्हतं, कारण मुद्रणात फळ्याचा तो भाग कापला गेला होता. ते मी फोनवर सांगितलं.

शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. 2020 मध्ये सिंधुदुर्गातल्या एका मुलीसाठी तिच्या भावांनी डोंगरावर झोपडी बांधली, कारण रेंज तिथेच मिळत होती. ती बातमी सगळीकडे गाजली, कौतुक झालं. तेव्हापासून मला भीती वाटते की कौतुकाबरोबर एक अपेक्षाही तयार झाली: खरंच शिकायचं असेल तर डोंगर चढेल. भर पावसात, वारा सुटलेला असताना, तारा तुटून पडलेल्या असण्याची शक्यता असताना मुलीने रेंज शोधत टेकडीवर जाऊ नये. ‘तू दुसरीकडे जाऊन का नाही बसलीस?’ हा प्रश्न मी आता विचारत नाही. त्याऐवजी अभ्यासक्रम सुरू होण्याआधी वर्गाला तीन गोष्टी लिहून देते: लाइट किंवा नेट गेलं तर कोणत्या क्रमांकावर एसएमएस करायचा, मुद्रण कुठे आणि किती दिवस राहील, आणि बुडालेल्या तासिकेची भरपाई कशी होईल. या वर्षी त्यात चौथी ओळ घातली आहे. घरातल्या कुणाच्या फोनवरून वर्गात येण्याची वेळ आली तर त्या फोनवर कोणतं नाव दिसतं ते आधीच कळवून ठेवा.